सुती साडीची खळ

हातमागाच्या सुती साडीला खळ दोनदा लागते. पहिली विणकराच्या घरी, विणण्याआधी सुताला; दुसरी साडी विणून झाल्यावर कापडाला. दोन्ही खळी बहुधा एकाच प्रकारच्या पिठाच्या असतात, पण त्यांची कामे वेगळी आहेत. हा फरक लक्षात घेतला की नव्या साडीचे पहिल्या धुण्यानंतर काय होते, घरी खळ किती लावावी आणि साडी घडीवर का विरते, या तिन्ही गोष्टींचा उलगडा होतो.

मागावर उभ्या धाग्यांना फार सोसावे लागते. प्रत्येक आडवा धागा घातला की फणी तो ठोकून बसवते, आणि त्या प्रत्येक ठोक्याला ताणलेले उभे धागे फणीच्या दातांमधून घासले जातात. कापसाचे तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर लांबीचे असतात. पिळून त्यांचे सूत होते खरे, पण असंख्य टोके सुताबाहेर डोकावत राहतात. ही लव शेजारच्या धाग्यात अडकते, घासून सूत फुलते आणि तुटते. म्हणून विणण्याआधी ताण्याला खळ पाजून लव अंगाशी चिकटवून टाकतात. या कामाला पांजणी म्हणतात. आंध्र-तेलंगणातल्या विणकर वस्त्यांत सकाळच्या वेळी रस्त्याच्या कडेने लांबच लांब ताणा बांधून त्यावर तांदळाची खळ शिंपडतात आणि रुंद ब्रशने ती एकाच दिशेने ओढत नेतात. खळीत थोडे तेल घालतात, म्हणजे सूत वाळल्यावर ठिसूळ होत नाही. राजस्थानात कोट्याच्या विणकरांमध्ये खळीत रानकांद्याचा रस मिसळण्याची पद्धत आहे. बंगालमध्ये साळीच्या लाह्यांची खळ करतात. ढाक्याच्या मलमलीचे सूतही लाह्यांच्या खळीवर, त्यात थोडा चुना घालून, तयार केले जाई. चुन्यामुळे किडे दूर राहतात.

महाराष्ट्रातल्या दुकानांत ‘बंगाली कॉटन’ म्हणून ओळखली जाणारी तांतची साडी मुख्यतः नदिया जिल्ह्यातल्या शांतिपूर आणि फुलिया, तसेच हुगळी जिल्ह्यातल्या धनियाखाली या भागांतली. फुलियाचे बरेचसे विणकर फाळणीनंतर पूर्व बंगालमधल्या टांगाइलहून आलेल्या कुटुंबांतले आहेत. या साड्यांचे सूत बारीक, साधारण 80 ते 100 नंबरचे, आणि वीण हलकी असते. अशा कापडाला स्वतःचा ताठपणा फारसा नसतो. म्हणून विणलेल्या कापडालाही तिथे सढळ हाताने खळ देतात, आणि दुकानात आलेली साडी कागदासारखी कडक लागते. हा कडकपणा विणीचा नसतो. साडी पहिल्यांदा भिजली की तो पाण्यात निघून जातो आणि साडी मलूल दिसू लागते. साडी वाईट निघाली असे तेव्हा वाटते, प्रत्यक्षात खळीखाली झाकलेले कापड पहिल्यांदाच उघडे पडलेले असते.

खळीखाली चांगले कापड जसे झाकले जाते, तसे विरळ कापडही. म्हणून खरेदी करताना साडीचा एक कोपरा दोन बोटांत धरून जरा चोळून पाहावा. भरपूर खळ असेल तर बोटांना पांढरट भुकटी लागते आणि चोळलेली जागा एकदम लुळी पडते. मग तोच कोपरा उजेडासमोर धरून अंगठ्यांनी विरुद्ध दिशांना हलकेच ढकलावा. धागे सरकून फट पडत असेल आणि ती तशीच राहत असेल, तर वीण सैल आहे, आणि खळ गेल्यावर निऱ्यांच्या जागी व खांद्यावर पिन लावतो तिथे धागे हमखास सरकणार. घट्ट विणलेल्या साडीत धागे ढकलले तरी परत जागेवर येतात.

खळ म्हणजे पिष्ट आणि पाणी. तांदूळ, गहू, मका, बटाटा, आरारूट अशा कशातलेही पिष्ट चालते. आपल्याकडचा साबुदाणाही कसावा या कंदाच्या पिष्टाचाच असतो. पिष्ट निसर्गतः बारीक कणांच्या रूपात असते. गार पाण्यात हे कण विरघळत नाहीत, नुसते तरंगतात आणि खाली बसतात. पाणी साधारण 60 ते 75 अंशांपर्यंत तापले की ते पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि आतल्या लांब साखळ्या पाण्यात मोकळ्या होतात. दुधट पाणी पारदर्शक आणि चिकट होते ते याच क्षणी. खळ कच्ची राहिली, म्हणजे हा टप्पा पूर्ण झाला नाही, तर न फुगलेले कण कापडावर पिठासारखे बसतात. ते ताठपणा देत नाहीत, इस्त्रीखाली मात्र पांढरे ठिपके होऊन वर येतात. गडद रंगाच्या साडीवर दिसणारे बरेचसे डाग या कच्च्या खळीचे असतात.

तांदळाच्या पिष्टाचे कण या सगळ्यांत सर्वांत लहान आणि बटाट्याचे सर्वांत मोठे. तांदळाची खळ बारीक सुतावर एकसारखी बसते आणि वाळल्यावर कुरकुरीत लागते, म्हणून बारीक कापडासाठी तिचा मान जुना आहे. साबुदाण्याची खळ अधिक पारदर्शक, अधिक लवचीक आणि थोडी मऊ असते. गडद रंगांना ती बरी, कारण तिचा पांढरट थर दिसत नाही. मैद्याची खळ चिकटते चांगली, पण त्यातल्या प्रथिनांमुळे ती लवकर आंबते आणि कपड्यावर पिवळट छटा येते. भाताची पेज घरात आयती मिळते, पण ती कधी दाट तर कधी अगदी पातळ असते, आणि तिच्यात शितांचा गाळ व कधी मीठही उतरलेले असते. पेज वापरायचीच तर मीठ घालण्याआधी काढावी, पातळ फडक्यातून दोनदा गाळावी आणि त्याच दिवशी वापरावी.

पिष्ट आणि कापूस यांचे एकमेकांशी जमण्याचे कारण त्यांच्या घडणीत आहे. कापसाचा तंतू सेल्युलोजचा असतो. सेल्युलोज आणि पिष्ट दोन्ही ग्लुकोजच्या साखळ्याच आहेत, फरक आहे तो कड्या जोडण्याच्या पद्धतीत. दोघांच्याही अंगावर पाण्याला आणि एकमेकांना धरणारे गट असतात. म्हणून पिष्टाची साखळी सुतावर वाळली की सेल्युलोजला घट्ट बिलगते, आणि पुरेसे पाणी मिळाले की पुन्हा सुटते. कड्यांच्या जोडणीतल्या फरकामुळेच धुण्याच्या पावडरीत घातलेले पिष्ट तोडणारे विकर खळ खाते आणि कापसाला हात लावत नाही.

कापडात ही बिलगण दोन ठिकाणी होते, आणि साडीची चुणी, निरी, फुगवटा सगळे त्यावर ठरते. पहिले ठिकाण सुताच्या आत. 80 नंबरच्या सुताच्या छेदात साधारण 50 तंतू असतात. खळ नसताना सूत वाकवले की हे तंतू एकमेकांवरून थोडे सरकतात, आणि प्रत्येक तंतू आपापला वाकतो. खळीने ते चिकटले की सरकणे बंद होते आणि सगळे मिळून एका काडीसारखे वाकू पाहतात. सुट्या कागदांची चळत सहज वाकते, पण तेच कागद डिंकाने चिकटवले की पुठ्ठा होतो, तसेच हे आहे. त्यामुळे पिष्टाचे वजन नगण्य असूनही कापडाचा ताठपणा कितीतरी पटींनी वाढतो.

दुसरे ठिकाण म्हणजे उभा आणि आडवा धागा एकमेकांना ओलांडतात ती जागा. साडी अंगावर बसते ती नुसती वाकल्याने बसत नाही. कमरेच्या, खांद्याच्या, नितंबांच्या गोलाईवर सपाट कापड बसायचे तर धाग्यांचे चौकोन तिरके व्हावे लागतात, म्हणजे उभे-आडवे धागे ओलांडण्याच्या जागी एकमेकांभोवती थोडे फिरावे लागतात. मऊ साडीत हे फिरणे सहज होते, म्हणून ती चापूनचोपून नेसता येते. दाट खळीत या जागा चिकटून बसतात. कापड एका दिशेने वाकू शकते, दोन्ही दिशांना एकदम नाही. परिणामी निऱ्या धारदार आणि सरळ उभ्या राहतात, पदराच्या चुण्या खांद्यावर नीट थरावर थर बसतात, पण कमरेखाली साडी अंगापासून सुटून फुगते. कडक तांतच्या साडीचा ओळखीचा घेर हाच. ज्यांना तो आवडतो त्यांच्यासाठी खळ दाट असलेली बरी, आणि ज्यांना साडी अंगासरशी हवी त्यांनी खळ पातळ करावी. नेसण्याचे कसब वाढवून दाट खळीची साडी चोपून बसवता येत नाही.

हा फरक मोजण्याची एक सोपी रीत इंग्लंडमधले वस्त्रसंशोधक पीअर्स यांनी 1930 साली मांडली. कापडाची पट्टी सपाट फळीवरून पुढे सरकवत न्यायची, आणि किती लांबी पुढे गेल्यावर ती स्वतःच्या वजनाने ठरावीक कोनापर्यंत खाली झुकते ते पाहायचे. लांबी जितकी जास्त, तितके कापड ताठ. घरी टेबलाच्या कडेवरून साडीचे एक पदरी टोक असेच पुढे सरकवून पाहता येते. धुतल्यावर आणि खळ दिल्यावर एकाच टोकाची ही लांबी टाचणीने किंवा पट्टीने पाहिली, तर पुढच्या वेळी खळ किती पातळ करायची हे अंदाजाने ठरवावे लागत नाही.

हवेतल्या दमटपणाचा या सगळ्यावर अंमल असतो. पिष्टाचा थर कोरडा असला की कडक आणि ठिसूळ, ओल मिळाली की लवचीक होतो. म्हणून तीच साडी, तीच खळ, नागपूरच्या एप्रिलमध्ये संध्याकाळपर्यंत ताठ राहते आणि मुंबईच्या जुलैमध्ये दुपारीच बसते. घामाने काखेजवळचा आणि कमरेचा भाग आधी लुळा पडतो. त्यावर उपाय म्हणून पावसाळ्यात खळ अधिक दाट करण्याचा मोह होतो, पण दाट थर ओल धरून चिकट होतो, कापडाची छिद्रे बुजवतो आणि वारा अडवतो. सुती साडीचा उन्हाळ्यातला सुखदपणा मग बराचसा हरवतो. दमट हवेत पातळ खळ आणि चांगली इस्त्री यांवरच भागवावे.

खळीचे प्रमाण नेमके कळायला एका साडीचा हिशेब पाहावा. फुलियाची 80 नंबर सुताची साडेपाच मीटरची साडी आहे, एकदा-दोनदा धुऊन मूळची खळ निघून गेलेली, आणि वाळलेली असताना तिचे वजन 350 ग्रॅम आहे असे धरू. 30 ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे साबुदाणा, अर्धा तास भिजवून एक लिटर पाण्यात मंद आचेवर ढवळत शिजवायचा. दाणे पारदर्शक होऊन विरघळेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे लागतात. मग ही खळ गरम असतानाच फडक्यातून गाळायची. गार झाल्यावर गाळली तर वर साय धरते आणि गाठी होतात. गाळलेल्या खळीत दोन लिटर साधे पाणी घालून एकूण तीन लिटर करायची. गाळात राहिलेले आणि साबुदाण्यातली मूळची ओल वजा केली, तर पाण्यात 25 ग्रॅमच्या आसपास पिष्ट उतरते, म्हणजे एका लिटरला साधारण आठ ग्रॅम.

आता साडी आधी साध्या पाण्यात पूर्ण भिजवून, पिळून घ्यायची. कोरडी साडी थेट खळीत घातली तर जो भाग आधी बुडतो तो सगळ्यात जास्त खळ ओढतो आणि वाळल्यावर साडी ठिकठिकाणी कडक, ठिकठिकाणी मऊ होते. ओली साडी मोकळी करून खळीत सोडायची, दोन-तीन मिनिटे हाताने वरखाली करायची, मग पीळ न घालता दाबून पाणी काढायचे. चांगली दाबून काढलेली सुती साडी स्वतःच्या वजनाइतके पाणी धरून ठेवते. म्हणजे 350 ग्रॅमच्या साडीत 350 मिलिलिटर खळ उरते, आणि तिच्यात पिष्ट असते जेमतेम अडीच ते तीन ग्रॅम. साडीच्या वजनाच्या एक टक्क्याहूनही हे कमी आहे, आणि रोज नेसायच्या साडीला एवढेच पुरते.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. साडीवर किती खळ बसणार हे बादलीत एकूण किती खळ आहे यावर ठरत नाही. ती किती दाट आहे आणि साडी किती पिळली, या दोनच गोष्टींवर ठरते. साडी न पिळता निथळत टाकली तर ती दुप्पट-तिप्पट खळ धरते आणि तीच पातळ खळ दाट लावल्यासारखी होते. शिवाय निथळताना खळ खाली उतरते. म्हणून दोरीवर लोंबणारा काठ पुठ्ठ्यासारखा आणि वरचा भाग मऊ, असा प्रकार होतो. दुसरे म्हणजे एकाच बादलीत अनेक साड्या काढायच्या असतील, तर प्रत्येक ओल्या साडीबरोबर पाणी आत येते आणि खळ पातळ होत जाते. ज्या साडीला अधिक ताठपणा हवा ती आधी घ्यावी, आणि रंग जाणारी साडी नेहमी शेवटी.

कार्यक्रमासाठी अधिक ताठ साडी हवी असेल तर साबुदाणा 60 ग्रॅमपर्यंत वाढवता येतो. त्यापुढे जाण्यात हशील नाही. धाग्यांमधल्या जोडणीच्या जागा एकदा चिकटल्या की जास्तीचे पिष्ट पृष्ठभागावर पापुद्र्यासारखे साचते, नेसताना तडकते आणि भुकटी होऊन झडते. काळ्या साडीवर पहिल्या दिवसानंतर दिसणाऱ्या करड्या रेघा म्हणजे हे तडकलेले पापुद्रेच.

साडी वाळवताना ती दोघांनी चारी टोके धरून सरळ करावी, काठ बोटांनी ओढून समोरासमोर आणावेत, आणि दोरीवर एकाच पदरात, सावलीत, वारा असेल तिथे टाकावी. साडी दुमडून टाकली तर आतले थर एकमेकांना चिकटतात, आणि वाळल्यावर ते सोडवताना जे तडतड आवाज येतात त्यांत काही तंतूही तुटतात. कडक उन्हाची गरज नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंग तर उडतोच, कापसाचे तंतूही हळूहळू कमकुवत होतात.

इरकलीचा विचार इथे वेगळा करायला हवा, कारण महाराष्ट्रात ती घरोघरी आहे. कर्नाटकातल्या इळकल गावच्या या साडीचे अंग बहुधा सुती, पण पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो आणि काठातही तसेच सूत असते. साधे कृत्रिम रेशीम, म्हणजे रेयॉन, भिजल्यावर निम्म्याच्या आसपास ताकद गमावते. उलट कापसाचा तंतू ओला असताना कोरड्यापेक्षा बळकट असतो. अशी साडी खळीत बुडवून अंगाच्या जोराने दाबली तर फटका पदराला बसतो. इरकलीचा पदर हातात वर धरून फक्त सुती अंगच पातळ खळीत बुडवावे, आणि पिळताना पदर व अंग जोडलेल्या जागेवर ताण येऊ देऊ नये.

खळीचे खरे रूप इस्त्रीखाली उघडते. वाळलेले पिष्ट थोडी ओल आणि उष्णता मिळाली की पुन्हा मऊ होते, इस्त्रीच्या दाबाने सुतांमध्ये सपाट पसरते, आणि ओल उडून गेल्यावर त्याच सपाट रूपात कडक होते. म्हणून साडी किंचित दमट असतानाच काढावी, किंवा पूर्ण वाळली असेल तर पाणी शिंपडून, घट्ट गुंडाळून अर्धा-पाऊण तास ठेवावी, म्हणजे ओल सगळीकडे सारखी पसरते. कोरड्या खळीवर इस्त्री फिरवली तर चुण्या निघत नाहीत, आणि त्या निघेपर्यंत इस्त्री एकाच जागी दाबली जाते. सुती कापडासाठीची इस्त्री दोनशे अंशांच्या आसपास असते. त्या तापमानाला कोरडे पिष्ट तपकिरी पडायला लागते, इस्त्रीच्या तळाला चिकटते आणि पुढच्या साडीवर डाग उमटवते. खळ लावलेली साडी उलट्या बाजूने इस्त्री करणे म्हणूनच बरे. लाँड्रीतल्या रोल प्रेसने साडी सुंदर सपाट होते, पण वजनदार रुळांखाली सूत चेपते, त्यामुळे हलक्या विणीच्या तांतसाठी तो नेहमीचा मार्ग नसावा.

खळ सुताला खाते, असा समज सर्रास आहे. रासायनिक अर्थाने तो खरा नाही. पिष्ट सेल्युलोजवर कोणतीही क्रिया करत नाही. उलट पातळ थर लव बसवून ठेवतो, त्यामुळे सपाट घासण्यापासून सुताचे थोडे संरक्षणच होते, आणि मळ पिष्टाच्या थरावर बसून धुण्यात त्याच्याबरोबर निघून जातो. नुकसान होते ते खळीमुळे कापडाच्या वागण्यात पडणाऱ्या फरकातून.

मऊ कापड फाटू लागले की फाटीच्या टोकाशी आलेले धागे सरकून एकत्र गोळा होतात आणि ताण मिळून उचलतात. खळीने चिकटलेले धागे सरकू शकत नाहीत. ताण एकेका धाग्यावर येतो आणि ते एकामागून एक तुटतात. म्हणून कडक साडी खिळ्याला किंवा पिनेला अडकली की चर्रकन लांब फाटते, आणि तीच साडी मऊ असताना नुसते एखादे भोक पडून थांबली असती. खांद्याची पिन कडक साडीत टोचताना सावकाश टोचावी आणि निऱ्यांचे थर एकत्र धरून टोचावी, हे यासाठीच.

दुसरे नुकसान घडीचे. वाकताना बाहेरच्या बाजूचे तंतू ताणले जातात. मऊ सुतात ते सरकून ताण सोडवतात, चिकटलेल्या सुतात तो ताण त्यांनाच सोसावा लागतो. त्यात साडी नेहमी त्याच घडीवर, तीही इस्त्रीने धार काढलेल्या घडीवर ठेवली, तर वर्षानुवर्षे तेच तंतू तुटत राहतात. जुनी सुती साडी उघडल्यावर घडीच्या चौकटीनेच विरलेली दिसते त्याचे कारण हे, कापूस सर्वत्र सारखाच जुना असूनही.

तिसरे नुकसान कपाटात होते. पिष्ट हे अन्न आहे. कसर आणि झुरळे ते कुरतडतात, आणि कुरतडताना पिष्टाबरोबर सूतही तुटते. भोके लहान, वेडीवाकडी आणि बहुधा घडीच्या आतल्या अंधाऱ्या भागात असतात. पावसाळ्यात बुरशीलाही हेच अन्न मिळते, आणि बुरशीचे करडे-काळे ठिपके एकदा सुतात गेले की सहसा निघत नाहीत. डांबराच्या गोळ्या किंवा कडुनिंबाचा पाला यांनी किडे दूर ठेवता येतील, बुरशी नाही.

आंबलेल्या पेजेचा त्रास वेगळा. आम्लामुळे सेल्युलोजच्या साखळ्या तुटतात, आणि उष्णतेने ते काम वेगाने होते. आंबलेल्या पेजेतले आम्ल सौम्य असले तरी वास आणि बुरशी दोन्ही ती सोबत घेऊन येते. खळीत तुरटी घालण्याची सवय त्याहून वाईट. तुरटी पाण्यात आम्लधर्मी असते, आणि ती सुतात राहून त्यावर गरम इस्त्री फिरली की सूत हळूहळू ठिसूळ होत जाते.

बाजारात मिळणाऱ्या काही द्रव स्टार्चमध्ये पिष्टाऐवजी पॉलिव्हिनाइल अॅसिटेटसारखा कृत्रिम चिकट पदार्थ असतो. तो किड्यांना रुचत नाही आणि एका धुण्यात जात नाही, ही त्याची सोय. अडचणही तीच. तो पूर्ण काढता येत नसल्याने दर वेळी थरावर थर चढतो आणि कापड कायमचे कोरडे, प्लॅस्टिकसारखे होते. बारीक हातमागाच्या साडीला पिष्टच बरे, कारण हवे तेव्हा ते काढून टाकता येते.

ते काढून टाकणे हा साडीच्या आयुष्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि सगळ्यात जास्त टाळला जाणाराही. साडी दोन-तीनदा नेसून झाली की पुन्हा खळ देण्याआधी जुनी काढावी, म्हणजे थर साचत नाहीत. त्यासाठी साडी कोमट पाण्यात तासभर भिजवावी आणि पाणी दोनदा बदलावे. रंग पक्का असेल तर दुसऱ्या पाण्यात विकरयुक्त साबणाची थोडी पावडर घातली की जुनाट खळही सुटते. बरेच दिवस पडून राहिलेल्या पिष्टाच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना घट्ट धरतात आणि नुसत्या गार पाण्याला दाद देत नाहीत, म्हणून पाणी कोमट हवे. ब्रशने घासून खळ काढू नये, त्याने लव वर येते.

खळ पूर्ण निघाली की नाही ते पाहण्याची खात्रीची खूण आहे. शेवटच्या पाण्यातून काढलेली साडी पिळून ते पाणी काचेच्या पेल्यात घ्यावे आणि त्यात जखमेला लावायच्या आयोडीनचा एक थेंब टाकावा. पाणी निळे किंवा काळपट झाले तर पिष्ट अजून आहे. फिकट पिवळसर राहिले तर साडी स्वच्छ झाली. थेंब साडीवर कधीच टाकू नये, त्याचा डाग पडतो.

पावसाळ्याआधी, किंवा साडी महिना-दोन महिन्यांहून अधिक काळ कपाटात राहणार असेल तेव्हा, ती अशी खळ काढून, पूर्ण वाळवून, इस्त्रीशिवाय सैल घडी करून जुन्या धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवावी. वर जड साड्या रचू नयेत. दोन-तीन महिन्यांनी घडी उघडून दुसऱ्या ठिकाणी मोडावी. नेसायची वेळ आली की आदल्या दिवशी पातळ खळ द्यावी. घडीवर आधीच विरू लागलेल्या साडीला मात्र पुन्हा दाट खळ देऊ नये. तिला 30 ग्रॅमच्या निम्म्याच साबुदाण्याची खळ पुरते, आणि घडीच्या विरलेल्या रेषांवरून इस्त्रीची कड कधी दाबू नये.